पावतीवरचे नाव आणि पैशाची वाट

पुण्यात एखाद्याने नवी पेट्रोल गाडी घेतली आणि ती घेऊन तो साताऱ्याला निघाला, तर सरकारला द्यायच्या पैशांचे बहुतेक सगळे प्रकार त्याला त्या एका गाडीत भेटतात. गाडीची करपात्र किंमत 8 लाख रुपये धरली, तर खासगी मालकाला महाराष्ट्रात 11 टक्क्यांप्रमाणे 88,000 रुपये मोटार वाहन कर एकरकमी भरावा लागतो. त्याच आरटीओत नोंदणीसाठी 600 रुपये वेगळे द्यावे लागतात. टाकीत भरलेल्या पेट्रोलच्या दरात रस्त्यांसाठीचा उपकर आधीच मिसळलेला असतो. खेड शिवापूरला आणि आनेवाडीला टोल कापला जातो. खंबाटकी घाट ओलांडल्यावर रस्ता मोकळा मिळाला म्हणून पाय जरा जोरात दाबला गेला आणि कॅमेऱ्याने टिपले, तर मोबाइलवर चलन येते. हलक्या वाहनाच्या अतिवेगासाठी मोटार वाहन कायद्यात 1,000 ते 2,000 रुपयांचा दंड आहे.

वाणिज्य शाखेचे, कायद्याच्या पहिल्या वर्षाचे किंवा स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी कर, शुल्क, दंड आणि उपकर यांच्या चार व्याख्या पाठ करतात. प्रश्न सरळ आला की उत्तर येते. ‘टोल हा कर आहे काय?’ किंवा ‘उपकर हा कराचा प्रकार की शुल्काचा?’ असे विचारले की गाडी अडते. अडचण पाठांतराची नाही, मांडणीची आहे. हे चार शब्द एका ओळीतले चार सारखे डबे आहेत असे गृहीत धरले जाते, आणि तसे ते नाहीत. पहिले तीन शब्द पैसा कोणत्या कारणाने घेतला ते सांगतात. उपकर हा शब्द तो पैसा कशासाठी राखून ठेवला ते सांगतो. त्यामुळे उपकर आतून कर असू शकतो किंवा शुल्कही असू शकतो, आणि ही दोन्ही उत्तरे सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळ्या खटल्यांत दिलेली आहेत.

कर सक्तीचा आणि शुल्क ऐच्छिक, एवढा फरक पुरेसा आहे का?

नाही. गाडीची नोंदणी न करता ती रस्त्यावर आणता येत नाही, म्हणजे नोंदणीचे 600 रुपयेही सक्तीचेच झाले. तरी ते शुल्क आहे. फरक आकड्यांत दिसतो. 3 लाखांची गाडी असो वा 30 लाखांची, नोंदणीचे काम तेवढेच असते, म्हणून साध्या खासगी मोटारीला शुल्क तेच राहते. वाहन कर मात्र किमतीबरोबर चढतो, कारण त्याचा आरटीओच्या कामाशी संबंध नाही. तो पैसा राज्याच्या तिजोरीत जातो आणि त्यातून शाळाही चालू शकते, तुरुंगही. ‘माझ्या गावचा रस्ता खराब आहे, म्हणून वाहन कर परत द्या’ असे कोणी म्हणू शकत नाही. कर देणाऱ्याला त्याच्या बदल्यात ठरावीक काही मिळायचे नसते, हेच कराचे लक्षण आहे.

हा फरक न्यायालयात 1954 साली पक्का झाला, आणि एकाच वर्षातल्या दोन निकालांनी तो जितका स्वच्छ दाखवला तितका कुठल्या पाठ्यपुस्तकाने दाखवला नसेल. पहिला खटला उडुपीच्या शिरूर मठाचा. मद्रास सरकारने धार्मिक संस्थांच्या देखरेखीसाठी 1951 साली कायदा केला आणि मठ-मंदिरांकडून उत्पन्नाच्या 5 टक्क्यांपर्यंत वार्षिक वर्गणी घ्यायचे ठरवले. सरकार म्हणत होते, आम्ही देखरेख करतो, तिचे हे शुल्क. सर्वोच्च न्यायालयाने पैसा कुठे जातो ते पाहिले. वर्गणी राज्याच्या एकत्रित निधीत मिसळत होती, खर्च सर्वसाधारण महसुलातून होत होता, आणि घेतलेली रक्कम व केलेले काम यांची सांगड कुठेच नव्हती. न्यायालयाने ती वर्गणी कर ठरवली. असा कर बसवण्याचा अधिकार राज्याला नव्हता, त्यामुळे ती तरतूद रद्द झाली.

दुसरा खटला मुंबई राज्याचा, रतिलाल पानाचंद गांधी यांचा. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा 1950 सालचा. महाराष्ट्रातल्या न्यासांचा कारभार आजही त्याच कायद्याने चालतो, आता नावापुढे मुंबईऐवजी महाराष्ट्र आले आहे. त्यातही न्यासांकडून वर्गणी घेतली जात होती आणि देखरेखीचे कारणही तेच होते. पण इथे ती सार्वजनिक न्यास प्रशासन निधी नावाच्या वेगळ्या खात्यात जमा होत होती आणि धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेवरच खर्च होत होती. न्यायालयाने ही वर्गणी शुल्क म्हणून टिकवली. देणारे, घेण्याचे कारण आणि टक्केवारीची पद्धत दोन्हीकडे जवळपास सारखी होती. पैसा गेला ती वाट वेगळी होती, आणि निकाल तिच्यावर फिरला.

पुढे ही कसोटी थोडी सैल झाली. घेतलेल्या प्रत्येक रुपयाची सेवा त्याच माणसाला मिळालीच पाहिजे, असा पै-पैचा हिशेब मागता येणार नाही, ढोबळ मेळ दिसला तरी पुरे, असे न्यायालयाने 1983 साली आंध्र प्रदेशातील बाजार समित्यांच्या शुल्काबाबत म्हटले. परवाना शुल्कात तर सेवा अशी नसतेच, तिथे नियंत्रणाचा खर्च असतो. तरीही गाडीच्या नोंदणीचे शुल्क उद्या 88,000 रुपये केले आणि त्यातून सर्वसाधारण खर्च भागवायला सुरुवात झाली, तर ‘हा वेष बदललेला कर आहे’ असा आक्षेप न्यायालयात उभा राहू शकतो.

मग उत्पादन शुल्क, सीमाशुल्क, मुद्रांक शुल्क ही शुल्केच ना?

मराठी माध्यमातले विद्यार्थी इथे हमखास फसतात आणि त्यात त्यांचा दोष कमी आहे. ही तिन्ही नावाने शुल्के असली तरी प्रत्यक्षात कर आहेत. घराच्या खरेदीखताच्या वेळी दोघांची जोडी शेजारी शेजारी दिसते. महाराष्ट्रात दस्त नोंदणीची फी किमतीच्या 1 टक्का असते, पण 30,000 रुपयांवर थांबते. मुद्रांक शुल्काला अशी कमाल मर्यादा नाही, ते घराच्या किमतीबरोबर चढतच राहते. जे थांबते ते शुल्क आणि जे थांबत नाही तो कर, असा सरसकट नियम मात्र करू नये. ही मर्यादा नोंदणी फीचे मूळ स्वरूप दाखवते, एवढेच.

टोलचेही तसेच. मराठीत त्याला पथकर म्हणतात, पण राष्ट्रीय महामार्गावरचा टोल ज्या 2008 सालच्या नियमांनुसार घेतला जातो, त्या नियमांच्या शीर्षकातच शुल्क हा शब्द आहे. खेड शिवापूरचा नाका न ओलांडणाऱ्याला तो पडत नाही, आणि त्याचा संबंध त्याच रस्त्याशी जोडलेला असतो. वाहन कर मात्र गाडी घरासमोर वर्षभर झाकून ठेवली तरी भरावाच लागतो.

दंड आणि शुल्क यांत गोंधळ होण्यासारखे काय आहे?

व्याख्येत काहीच नाही. दंडाच्या मागे चूक असते, शुल्काच्या मागे काम. एक साधी चाचणीही आहे: उद्यापासून कोणाकडूनच हा पैसा आला नाही, तर सरकारला आनंद व्हायला हवा की काळजी? प्रत्येक दुचाकीस्वाराने हेल्मेट घातले आणि त्या दंडाची वसुली शून्यावर आली, तर कायदा यशस्वी झाला. प्राप्तिकराची वसुली शून्यावर आली, तर देश अडचणीत आला. वसुलीचे उद्दिष्ट ठरवून चलने फाडली जातात तेव्हा लोक चिडतात, ते यामुळेच. दंडाला उद्दिष्ट चिकटवले की तो कराच्या वळणावर जातो.

गोंधळ होतो तो व्यवहारात, कारण दंड अनेकदा दुसऱ्याच नावाने येतो. फास्टॅग नसलेली गाडी फास्टॅगच्या मार्गिकेत शिरली तर दुप्पट टोल घेण्याची तरतूद झाली. नियमांच्या भाषेत ते सगळे शुल्कच. पण पहिली रक्कम रस्ता वापरल्याची आहे आणि वरची तेवढीच रक्कम नियम न पाळल्याची. नोव्हेंबर 2025 पासून यूपीआयने पैसे देणाऱ्यासाठी हा दर दुपटीऐवजी सव्वापट झाला, रोख देणाऱ्याला मात्र दुप्पटच राहिला. सेवा तिघांनाही एकच मिळते. वाढीव भागाचा हेतू वर्तन बदलण्याचा आहे, आणि विद्यार्थ्याने उत्तरात तसे लिहिले तर त्याला समज आहे असे म्हणावे लागेल.

उलट उदाहरणही आहे. मुळातून कापलेल्या कराचे विवरणपत्र उशिरा भरले की दिवसाला 200 रुपये ‘विलंब शुल्क’ लागते. हा दंडच आहे, असे म्हणत करदाते मुंबई उच्च न्यायालयात गेले. 2015 साली न्यायालयाने ते मान्य केले नाही. विवरणपत्र उशिरा आले की खात्याला ज्यादा काम पडते, इतरांचे परतावे रखडतात, त्या ज्यादा कामाचे हे शुल्क आहे, असे न्यायालयाने म्हटले. हा युक्तिवाद पटो वा न पटो, त्यातली पद्धत शिकण्यासारखी आहे. न्यायालयाने ‘शुल्क’ हे नाव पाहून विषय संपवला नाही, रकमेच्या मागे काम आहे का ते शोधले.

या सीमारेषेवरचे महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण पिंपरी-चिंचवडचे. तिथल्या अनधिकृत घरांच्या मालमत्ता कराच्या बिलात शास्तीकर नावाची रक्कम अनेक वर्षे येत असे. नावात शास्तीही आहे आणि करही. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267-अ नुसार ही रक्कम मालमत्ता कराच्या दुप्पट ठेवलेली होती. मूळ कर 5,000 असेल तर शास्ती 10,000, म्हणजे बिल 15,000 रुपयांचे. आता हे पैसे नेमके काय होते? करासारखे दरवर्षी येत होते, मालमत्तेवर बसत होते, पण कारण बेकायदा बांधकामाचे होते, म्हणजे स्वरूप दंडाचे. आणि शुल्क तर ते मुळीच नव्हते, कारण कायद्याने स्पष्ट लिहिले होते की ही रक्कम भरली म्हणून बांधकाम नियमित झाले असे समजू नये. अनेक रहिवाशांचा समज नेमका उलटा होता. आपण पैसे भरतो म्हणजे घर कायदेशीर होत चालले, असे त्यांना वाटत असे. शुल्क आणि दंड यांच्यातला फरक न कळल्याची किंमत इथे घराएवढी होती. 2023 साली राज्य सरकारने ही शास्ती माफ केली. बांधकामे अधिकृत करणे हा विषय त्यानंतरही वेगळाच राहिला.

उपकर म्हणजे करावरचा कर, हे बरोबर आहे का?

प्राप्तिकरापुरते बरोबर आहे. 1,00,000 रुपये कर झाला, तर त्यावर 4 टक्के म्हणजे 4,000 रुपये आरोग्य व शिक्षण उपकर लागतो. पण बांधकाम कामगार कल्याण उपकर बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का असतो, आणि पेट्रोलवरचा उपकर लिटरमागे ठरावीक रुपयांत असतो. दोन्हींत खाली दुसरा कर नाही. उपकराची खूण म्हणजे त्याच्या नावाला चिकटलेला हेतू. अधिभार मात्र असा हेतू सांगत नाही. प्राप्तिकरात 50 लाखांवर उत्पन्न गेले की लागणारा अधिभार ही कराचीच वाढ असते, आणि तो पैसा केंद्र कुठेही खर्च करू शकते.

उपकर कर की शुल्क, या प्रश्नाचे पायाभूत उत्तर एका मराठी न्यायमूर्तीच्या निकालात आहे. ओडिशाने 1952 साली खाण भागाच्या विकासासाठी निधी उभारणारा कायदा केला आणि खाणींतून निघालेल्या खनिजावर किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत उपकर बसवला. हिंगीर-रामपूर कोळसा कंपनीने तक्रार केली की हा कर आहे आणि तो घ्यायचा अधिकार राज्याला नाही. साताऱ्याचे सुपुत्र न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी नोव्हेंबर 1960 मध्ये बहुमताचा निकाल लिहिला. पैसा वेगळ्या निधीत जातो, तो त्याच खाण भागातले रस्ते, पाणी, आरोग्य यांवर खर्च होतो आणि त्याचा लाभ पैसे देणाऱ्या खाणींनाही होतो, म्हणून कायद्याने उपकर म्हटले तरी हे शुल्क आहे, असा त्याचा सारांश. बांधकाम कामगारांचा उपकरही 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने शुल्कच ठरवला. प्राप्तिकरावरचा उपकर मात्र करच आहे. तो भरणाऱ्याला त्यातून स्वतःसाठी शाळा मिळत नाही, देशातल्या शिक्षणासाठी पैसा राखला जातो, इतकेच.

केंद्राला कराऐवजी उपकर का आवडतो?

राज्यघटनेच्या अनुच्छेद 270 नुसार केंद्राच्या करांचा वाटा राज्यांना द्यावा लागतो, पण उपकर आणि अधिभार त्यातून वगळले आहेत. 15व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी राज्यांचा वाटा 41 टक्के ठरवला. म्हणजे वाटपयोग्य 100 रुपयांतले 41 राज्यांकडे जातात, आणि उपकराच्या 100 रुपयांतला एकही जात नाही.

2 फेब्रुवारी 2021 रोजी पेट्रोलवर लिटरमागे 2.50 रुपयांचा कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर आला. पंपावरचा दर त्यामुळे वाढला नाही, कारण त्याच वेळी मूळ उत्पादन शुल्क 2.98 वरून 1.40 आणि विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क 12 वरून 11 रुपये केले गेले. ग्राहकाला काहीच जाणवले नाही. जाणवायला हवे होते ते राज्यांच्या अर्थमंत्र्यांना. त्या दिवशी केंद्राचा एकूण भार असा होता: मूळ शुल्क 1.40, विशेष अतिरिक्त शुल्क 11, कृषी उपकर 2.50 आणि रस्ते व पायाभूत सुविधा उपकर 18, मिळून 32.90 रुपये. यातले राज्यांबरोबर वाटायचे फक्त 1.40. त्याचे 41 टक्के म्हणजे सुमारे 57 पैसे, आणि ते सगळ्या राज्यांत मिळून. महाराष्ट्राचा वाटा 6.317 टक्के धरला तर लिटरमागे साडेतीन पैशांच्या जरा वर. पुढे रस्ते उपकर घटवून आधी 13 आणि मग 5 रुपये करण्यात आला, इतर आकडेही बदलले. पण वाटा कशाचा होतो आणि कशाचा होत नाही, हा नियम तोच आहे.

उपकर ज्या कामासाठी घेतला त्यावर तो खर्च होतो का, हा याच्या पुढचा प्रश्न. तो आधी भारताच्या एकत्रित निधीत जातो आणि मग त्याच्या नावाच्या राखीव निधीत वळवायचा असतो. तिथे गळती होते. 2018-19 या वर्षाच्या अहवालात महालेखापरीक्षकांनी दाखवले की त्या वर्षी 35 उपकर व तत्सम आकारण्यांतून 2,74,592 कोटी रुपये आले आणि त्यांतले 1,64,322 कोटीच राखीव निधींत गेले. उरलेले एकत्रित निधीतच राहिले. ज्याला मठाची वर्गणी आठवते त्याला यातली गंमत कळेल. हेतू कागदावर राहिला आणि पैसा मिसळून गेला, की उपकर आणि साधा कर यांच्यात उरतो तो फक्त राज्यांना वाटा न देण्याचा फरक.

परीक्षेत अनोळखी नाव आले तर?

नावाकडे पाहू नये, क्रमाने विचारावे. पैसा चुकीबद्दल घेतला का? घेतला असेल तर दंड. नसेल, तर देणाऱ्याला किंवा त्याच्या वर्गाला त्याबदल्यात काही काम, सेवा किंवा परवानगी मिळते का, आणि रकमेचा तिच्याशी ढोबळ मेळ आहे का? असेल तर शुल्क, नसेल तर कर. हेतू नावातच लिहिला असेल तर तो उपकरही आहे, पण त्याने आधीचे उत्तर पुसले जात नाही. व्यवसाय कर घ्या. महाराष्ट्राने तो 1975 साली रोजगार हमी योजनेला पैसा पुरवण्यासाठी सुरू केला. हेतू होता, तरी कायद्याने त्याला उपकर म्हटले नाही. पगारातून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात, कारण अनुच्छेद 276 ने वर्षाची मर्यादा 2,500 ठेवली आहे. तो कर आहे.

काही रकमा या चौकटीबाहेरही राहतात. खाणमालक सरकारला देतो ते स्वामित्वधन कर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली म्हटले होते. 25 जुलै 2024 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक मतांनी ते बदलले: स्वामित्वधन हा खनिजाच्या हक्काबद्दल करारानुसार दिलेला मोबदला आहे, कर नाही, आणि खनिज हक्कांवर वेगळा कर बसवायचा अधिकार राज्यांना आहे. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी विरोधी मत लिहिले. त्यानंतर 14 ऑगस्टच्या आदेशाने राज्यांना 1 एप्रिल 2005 पासूनची थकबाकी, 1 एप्रिल 2026 पासून बारा वर्षांच्या हप्त्यांत, वसूल करायची मुभा मिळाली. मात्र 25 जुलै 2024 पूर्वीच्या काळातील मागण्यांवरचे व्याज आणि शास्ती न्यायालयाने माफ केली. मूळ कर तेवढा द्यावाच लागेल.